कांदाभजी मऊ पडतात त्याबद्दल

“पावसात गरमागरम काढलेली कांदाभजी पाच मिनिटांत मऊ का पडतात?”

बहुधा पिठात वरून पाणी घातल्यामुळे. तीन मोठे कांदे उभे पातळ चिरून पाऊण चमचा मीठ चोळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. सुटलेल्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन घाला, शिवाय दोन चमचे तांदळाची पिठी. पीठ कांद्याला जेमतेम चिकटलं पाहिजे.

घाण्याला सात-आठच भजी सोडा, गर्दी केली की तेल निवतं. तेलातले बुडबुडे म्हणजे भज्यांतून निघणारी वाफ. ते मंदावेपर्यंत मध्यम आचेवर तळा. रंग आला म्हणून आधीच काढली तर आतलं पाणी कवच मऊ करतं. काढल्यावर चाळणीत पसरा. ताटलीत ढीग केला तर खालची भजी वाफेनेच भिजतात, आणि दमट हवेत ती लवकर सुकतही नाहीत.