मदत हवी आहे: ईद कलेक्शनच्या जाहिरातीचा मजकूर

म्हापशात माझं कपड्यांचं दुकान आहे. रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात ईद कलेक्शन लावतेय. डिझायनरने चंद्रकोर, घुमट आणि कंदील घालून पोस्टर केलं, ते मी परत पाठवलं. ईदला कपडे घेणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना बाहीची लांबी, अस्तर आणि वेळेत शिवून मिळणं हवं असतं. म्हणून असं लिहिलंय:

"रमजान मुबारक! ईदचे कपडे आलेत. पूर्ण बाहीचे, अस्तर लावलेले मलमलचे कुर्ते, अडीच मीटरच्या ओढण्या, लहानग्यांचे पठाणी. उंची-बाही कमीजास्त करायची असेल तर २७व्या रोजापर्यंत द्या, २८व्याला तयार मिळेल."

महिना २९ दिवसांचा निघाला तरी कपडे हातात असावेत, म्हणून ही तारीख. "ईद मुबारक" चंद्र दिसल्यावरच टाकेन.

अडलंय शेवटच्या ओळीवर. मैत्रिणीकडे ईदला जाणाऱ्या हिंदू, ख्रिश्चन बायकाही इथूनच घेतात. "सर्वधर्मीयांसाठी" हे भाषणासारखं वाटतं. "ईद तुमच्या घरी असो वा शेजारी" हे कसं वाटतं? ईद साजरी करणाऱ्यांनी खास सांगा, यात सण तुमचा राहतो ना?