मदत हवी आहे: एकच इन्व्हर्टर, एका मीटरवर १७३ व्होल्ट, दुसऱ्यावर २२०. खरं कोणतं?

झेरॉक्सवाला_अमळनेर

नमस्कार मंडळी. माझं अमळनेरला छोटं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, वर घर. घरी सहा वर्षं जुना इन्व्हर्टर, एक बॅटरी. तीन पंखे आणि चार दिवे चालतात. गेल्या आठवड्यात लाईट गेली तेव्हा पंखे घरघरत होते आणि जरा हळू वाटले, म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने खिशातला मल्टिमीटर आउटपुटला लावला, १७३ दाखवले. म्हणाला, "कार्ड गेलंय भाऊ, बत्तीसशे लागतील."

मी थांब म्हणालो. माझा मावसभाऊ साक्रीकडे सोलर प्लांटवर कामाला आहे, तो रविवारी आला तेव्हा त्याचा क्लॅम्प मीटर घेऊन आला. त्यावर ट्रू आरएमएस असं छापलंय. त्याच सॉकेटला लावला तर २२०. मी माझा तीनशेचा मीटर लावला, पुन्हा १७३. मग लाईट आल्यावर दोन्ही मीटर बोर्डाच्या लाईटीवर लावले. एक २३१ दाखवतो, दुसरा २३०. म्हणजे मीटर बिघडलेला नाही!

अजून एक विचित्र गोष्ट. लाईट जाऊन दीड तास झाला तेव्हा सहज पुन्हा बघितलं. माझा मीटर १७३ वरून १९२ वर गेला होता. बॅटरी उतरतेय आणि व्होल्टेज वाढतंय? मावसभावाचा मात्र २२० वरच होता.

बत्तीसशे घालायचे की नाही?

तापीकाठ

भाऊ मना बी हाच प्रश्न शे. शिरपूरकडे शेत आहे, पाच एचपीची मोटर. मोटर बंद असताना फेज टू फेज ४१० दाखवतो, चालू केली की ३४०. मोटर तापते, दोन वर्षांत दोनदा वाइंडिंग केलं. मीटर खोटं बोलतंय असं समजायचं का? मग मला पण ट्रू वाला मीटर घ्यावा लागेल.

सर्किट_भुसावळ

झेरॉक्सवाले, सोपं आहे. एसीचं व्होल्टेज सारखं वरखाली होतं, आपल्याकडे शिखर ३२५ च्या आसपास. त्याला १.४१४ ने भागलं की २३०. यालाच आरएमएस म्हणतात. मीटर शिखर पकडतो आणि भागतो. तुमच्या स्वस्त मीटरला इन्व्हर्टरचं शिखर नीट पकडता येत नाही, महागड्याला येतं. म्हणून २२० खरं. कार्ड बदलू नका.

बीजगणित

मला एक कळत नाही, विजेचं फार समजत नाही, गणित शिकवते म्हणून विचारते. एसी अर्धा वेळ धन, अर्धा वेळ ऋण. सरळ सरासरी काढली तर शून्य. ठीक, मग चिन्ह सोडून द्या आणि सरासरी घ्या. ३२५ शिखराच्या साइन लहरीसाठी ती २०७ येते. ही साधी सरळ सरासरी सोडून आधी वर्ग, मग सरासरी, मग वर्गमूळ असा द्राविडी प्राणायाम कशाला? वर्ग केला की चिन्ह जातं म्हणून, असं मुलांना सांगतात, पण चिन्ह तर मापांक घेऊनही जातं.

टेस्टबेंच

बाईंचा प्रश्न कळला की झेरॉक्सवाल्यांचंही उत्तर निघतं, म्हणून तिथूनच सुरू करतो. (मी जळगावला मीटर तपासून द्यायचं काम बरीच वर्षं केलं, आता निवृत्त.)

वर्ग चिन्ह घालवायला घेत नाहीत. तारेत किती उष्णता होते ते व्होल्टेजच्या वर्गावर ठरतं, म्हणून घेतात. व्होल्टेज दुप्पट केलं तर शेगडी चौपट तापते. शेगडीला लहरीचं चिन्ह माहीत नसतं, तिला दर क्षणाचा वर्गच भोगावा लागतो. म्हणून तिच्या दृष्टीने खरी सरासरी म्हणजे वर्गांची सरासरी. शेवटी वर्गमूळ घ्यायचं ते परत व्होल्टमध्ये यायला. आपण २३० म्हणतो त्याचा अर्थ इतकाच की २३० व्होल्टची डीसी लावली असती तर शेगडी एवढीच तापली असती. २०७ हा आकडा खोटा नाही, पण त्यावरून शेगडीचं काही सांगता येत नाही.

आता इन्व्हर्टर. जुन्या घरगुती इन्व्हर्टरची लहर साइन नसते. थोडा वेळ सपाट धन, मग शून्य, मग सपाट ऋण, परत शून्य. समजा चालू असताना ३११ व्होल्ट, आणि निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ शून्य. तुमचा शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावा. पेटलेला असताना त्याचा रोध ढोबळमानाने ५२९ ओहम धरू. चालू क्षणी ३११ चा वर्ग भागिले ५२९, म्हणजे १८३ वॅट. निम्मा वेळच चालू, म्हणून सरासरी साडेएक्क्याण्णव वॅट. डीसीवर एवढेच वॅट हवे असतील तर किती व्होल्ट लागतील? २२०. हे झालं आरएमएस, मावसभावाच्या मीटरवरचं.

तुमचा तीनशेचा मीटर वर्ग काढतच नाही. ते सर्किट महाग पडतं. तो चिन्ह काढून बाईंची साधी सरासरी घेतो आणि तिला १.११ ने गुणून दाखवतो. साइन असेल तर २०७ गुणिले १.११ बरोबर २३०, म्हणून बोर्डाच्या लाईटीवर दोन्ही मीटर जुळले. तुमच्या इन्व्हर्टरवर साधी सरासरी ३११ ची निम्मी, १५५.५. तिला १.११ ने गुणा.

बीजगणित

१७२.६! अहो, हे तर अगदी जुळलं. म्हणजे १.११ हा साइनचा गुणक, आणि तो चौकोनी लहरीला लावलाय. आमची मुलं एका आकृतीचं सूत्र दुसऱ्या आकृतीला लावतात तसं.

सर्किट_भुसावळ

पण माझं पण जुळतंच की. ३११ ला १.४१४ ने भागा, २२०.

टेस्टबेंच

जुळतं, पण योगायोगाने. बरोबर निम्मा वेळ चालू असेल तेव्हाच शिखर आणि आरएमएसचं गुणोत्तर १.४१४ येतं. दीड तासानंतरचं बघा. बॅटरी उतरली, शिखर ३११ वरून २८० वर आलं. तुमच्या सूत्राने १९८ व्हायला हवेत, पण मीटर २२० दाखवतोय. कारण इन्व्हर्टरचं कार्ड शिखर पडलं की चालू वेळ वाढवतं, निम्म्यावरून सुमारे ६२ टक्के. वर्गांची सरासरी तीच राहते, साधी सरासरी मात्र वाढून १७३ होते. गुणिले १.११, म्हणजे १९२.

म्हणून साधा मीटर वर चढला. झेरॉक्सवाले, हा आकडा तुम्ही दिला नसता तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो. जे कार्ड बॅटरी उतरताना आउटपुट २२० वर धरून ठेवतं ते गेलेलं कसं?

शिखर कुठून काढलं असं कुणी विचारेल. लहर सपाट धरली तर दोन मीटर मिळून सांगतात. साध्या मीटरचा आकडा १.११ ने भागा, ही साधी सरासरी. २२० च्या वर्गाला तिने भागा, शिखर आलं. आधी ३१०.५, नंतर २८०. लहरीच्या कडा तिरक्या असतील तर थोडा फरक पडेल. एका मीटरने हे होत नाही.

तापीकाठ, तुमचा घोळ वेगळा आहे. शेतातली लाईट साइनच असते, साधा मीटर तिथे खरं बोलतो. मोटर चालू केल्यावर ४१० चे ३४० होतात म्हणजे सत्तर व्होल्ट तारेत, सांध्यात नाहीतर डीपीतच जातात. मोटर चालू असताना आधी डीपीवर मोजून घ्या, आणि ते वायरमनकडून. स्वतः वर चढू नका.

तापीकाठ

डीपी पाऊण किलोमीटरवर आहे, तार जुनी. वायरमन म्हणतो डीपीच कमजोर. महागडा मीटर वाचला हे बरं झालं.

झेरॉक्सवाला_अमळनेर

टेस्टबेंच काका, मनापासून आभार. पण पंखे खरंच हळू फिरतात हो. मी भाऊच्या हातातल्या घड्याळावर पाती मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही, पण वारं कमी आहे हे घरातल्या सगळ्यांचं मत. भुसावळात असो की आमच्याकडे, मे महिन्यात हे लगेच कळतं. मग मेकॅनिक अर्धा तरी बरोबर नाही का?

टेस्टबेंच

अर्धा आहे. आरएमएस हा शेगडीचा हिशोब, पंख्याचा नव्हे. त्या सपाट लहरीत पन्नास सायकलची साइन मिसळलेली असते, वर इतर वेगवान लहरी असतात. पंखा फिरवते ती पन्नास सायकलची. तिचा आरएमएस हिशोबाने सुमारे १९८ येतो. बाकीच्या लहरी पंख्याला फक्त तापवतात आणि घरघरायला लावतात. म्हणजे २२० खरं असूनही पंख्याच्या वाट्याला १९८ च येतात. साइन लहरीचा इन्व्हर्टर घेतला तर ही घरघर जाईल, कार्ड बदलून जाणार नाही. पण बुशिंग झिजलंय, की कपॅसिटर उतरलाय, हे इथून नाही सांगता येणार. बोर्डाच्या लाईटीवर पंखा पूर्वीसारखा फिरतो का?

खात्री करायची असेल तर शंभरचा पिवळा बल्ब लावून बघा. खरंच १७३ असते तर प्रकाश २२० च्या निम्म्याहूनही कमी पडला असता, बल्ब लालसर दिसला असता. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर विसंबू नका, तो आपणच उजेड वाढवतो.

सर्किट_भुसावळ

एलईडी बल्ब लावून बघितला तर? पिवळा आता कुठे मिळतो.

टेस्टबेंच

नको. एलईडीचा ड्रायव्हर बहुतेक वेळा शिखरावर चार्ज होतो आणि पुढे प्रकाश स्थिर ठेवतो. तो १७३ आणि २२० मधला फरक दाखवणारच नाही. इथे शेगडीसारखं वागणारंच काहीतरी हवं.

झेरॉक्सवाला_अमळनेर

पिवळा बल्ब आईच्या देवघराच्या कपाटात निघाला, साठचा. काल रात्री लाईट गेली तेव्हा लावला. लाईटीवर असतो त्याहून किंचित मंद, पण लालसर अजिबात नाही. कार्ड बदलत नाही.

बाकीचे पंखे लाईटीवर चांगले फिरतात, पण हॉलमधला तिथेही मंद आहे. तो मी आतापर्यंत इन्व्हर्टरच्या खात्यात धरत होतो. उद्या त्याचा कपॅसिटर बदलून बघतो.

बीजगणित

बल्बचा फोटो टाका ना, वर्गात दाखवते.

झेरॉक्सवाला_अमळनेर

काकांनी कॅमेऱ्याला नको म्हटलंय बाई.