मदत हवी आहे: रात्री ड्रिंक्स, पहाटे शुगर लो

माझ्या लहान भावाला टाइप 1 डायबिटीस आहे, रात्री ग्लार्जिन आणि जेवणाआधी रॅपिड इन्सुलिन घेतो. परवा मित्राच्या हळदीत त्याने उपाशीपोटीच व्हिस्कीचे 3 पेग घेतले, जेवण नाममात्र, वर दीड-दोन तास नाचला. झोपताना शुगर 162 होती म्हणून सगळे निवांत, आणि पहाटे 5 ला बघतो तर घामाने चिंब, बोलणं अडखळतंय, रूममेटला वाटलं अजून उतरली नाही, ग्लुकोमीटर लावला तर 46!! शुद्धीत होता म्हणून ग्लुकोज पावडर पाण्यातून दिली, 15 मिनिटांनी परत चेक केलं, मग पोळी-दूध.

डॉक्टर म्हणाले लिव्हर दारू निस्तरण्यात गुंतलं की नवीन ग्लुकोज बनवणं मंदावतं, पोटात अन्न नसेल तर साठाही लवकर संपतो, म्हणून लो कितीतरी तासांनी, अगदी दुसऱ्या दिवशीही येऊ शकतो. आणि अशा वेळी शुगर वाढवणारं ग्लुकॅगॉनचं इंजेक्शनही नीट लागू पडेलच असं नाही, याचीच जास्त भीती वाटते.

पुढच्या महिन्यात परत लग्न आहे आणि तो पिणार हे नक्की. तर इन्सुलिनवाल्यांनी प्लीज सांगा, झोपण्याआधी काय खाता, रात्री किती वाजता चेक करता, सेन्सरचा अलार्म कितीवर ठेवता? ग्लार्जिनच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारणारच आहे.