टर्म पेपर: 'माणूस रॅशनल नसतो' एवढ्यावर रॅशनल चॉइसची टीका उभी राहते का?

मीरा_एमए
राजकीय अर्थशास्त्राच्या टर्म पेपरमध्ये मी रॅशनल चॉइस मॉडेलच्या, म्हणजे माणूस फायदा-तोटा मोजून निर्णय घेतो असं मानणाऱ्या मॉडेलच्या, गृहीतकांवर टीका करतेय. उदाहरण मतदानाचं घेतलंय. माझा मुद्दा असा की एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळपास शून्य, तरी कोट्यवधी लोक मत देतात. म्हणजे माणूस रॅशनल नसतो आणि मॉडेल खोटं ठरतं. बाईंनी पहिल्या मसुद्याच्या समासात दोनच शब्द लिहिले: "कोणतं गृहीतक?" मला प्रश्नच कळला नाही. सगळीच ना?

तिरकस
सगळीच. माणूस काय कॅल्क्युलेटर आहे? लिहा बिनधास्त.

चिंतामणी
बिनधास्त लिहिलं की बिनधास्त मार्क कापले जातात, तिरकसराव. मी असे पेपर बरीच वर्षं तपासलेत आणि बाईंचा प्रश्न मला अगदी नेमका वाटतो.

मीरा, तू ज्याला एक गृहीतक समजतेस ते निदान तीन गृहीतकांचं गाठोडं आहे. माणसाच्या आवडीनिवडी एकमेकींशी सुसंगत असतात, हे एक. त्याला फक्त स्वतःच्या फायद्याची पडलेली असते, हे दुसरं. आपल्या कृतीने काय फरक पडेल याचा त्याला साधारण बरोबर अंदाज असतो, हे तिसरं. मतदानाच्या कोड्यात यातलं नेमकं कोणतं मोडतं, ते हिशोब मांडल्याशिवाय दिसत नाही.

मांडू या. अर्थशास्त्रज्ञ डाउन्सने १९५७ मध्ये जे सांगितलं त्याचा गाभा असा की `pB > C` असेल तरच मत द्यावं. `p` म्हणजे आपलं मत निर्णायक ठरण्याची शक्यता, `B` म्हणजे आपला उमेदवार आल्याने होणारा फायदा, `C` म्हणजे मत देण्याचा खर्च. समज, `p` एक कोटीत एक आहे आणि मत द्यायला अर्धा तास जातो. फायदाही वेळातच मोजू. मग मत देणं परवडायला `B` निदान पन्नास लाख तासांचा हवा, म्हणजे साधारण ५७० वर्षं. एवढं तर कोणाचं आयुष्यच नसतं. इथवर तुझं बरोबर आहे.

आता फक्त दुसरं गृहीतक बदल, बाकी दोन तशीच ठेव. समज, मतदाराला वाटतं की चांगलं सरकार आलं तर कोटीभर लोकांचा प्रत्येकी पाच तासांचा फायदा होईल, आणि परक्याच्या फायद्याला तो स्वतःच्या फायद्याच्या दहा टक्के वजन देतो. एकूण `B` झाला पन्नास लाख तास. `p` ने गुणलं की अर्धा तास, म्हणजे खर्चाची भरपाई झाली. लोकसंख्या दुप्पट केलीस तर `p` साधारण निम्मा होतो, पण `B` दुप्पट होतो, त्यामुळे उत्तर तेच राहतं. एड्लिन, गेल्मन आणि कॅप्लन यांनी २००७ मध्ये हाच युक्तिवाद केला.

तेव्हा मतदार पूर्ण रॅशनल असू शकतो, फक्त स्वार्थी नसतो. 'माणूस रॅशनल नसतो' हा तुझा निष्कर्ष तुझ्याच उदाहरणातून निघत नाही.

गेमवाला
एवढं लांब जायची गरजच नाही. `p` आभाळातून पडत नाही, तो इतरांच्या निर्णयावर ठरतो. 'मतदान निरर्थक' असं वाटून सगळे घरी बसले तर एकट्या माझ्या मताने निकाल लागेल, मग मी जाणारच. समतोल म्हणजे कोणालाच आपला निर्णय बदलावासा वाटत नाही अशी स्थिती, आणि शून्य मतदान ही तशी स्थिती असूच शकत नाही. कोडं संपलं. आणि गृहीतकं खरी आहेत की खोटी हा वादही अर्थशास्त्रज्ञ फ्रीडमनने १९५३ मध्येच निकालात काढला होता. अंदाज बरोबर आला की झालं.

चिंतामणी
निम्मं बरोबर. शून्य मतदान समतोल नाही हे मान्य. पण प्रश्न शून्याचा नव्हताच, कोट्यवधींचा होता. पाल्फ्री आणि रोझेन्थाल यांनी १९८५ मध्ये तुझाच खेळ मांडला, फक्त दुसऱ्यांचा खर्च किती हे कोणालाच नक्की ठाऊक नाही अशी त्यात भर घातली. मोठ्या मतदारसंघात मग जवळपास तेच लोक मत देताना दिसतात ज्यांना मत देण्याचा खर्चच नाही किंवा ज्यांना मत द्यायला आवडतं. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच.

आणि फ्रीडमनची काठी तुझ्याच पाठीत बसते. गृहीतकं विचारू नका, अंदाज बघा म्हणालास. मग बघ: 'किती लोक मत देतील' याचा साध्या मॉडेलचा अंदाज साफ चुकतो. 'चुरस वाढली, खर्च घटला की मतदान कुठल्या दिशेला सरकेल' हे मात्र ते बरंचसं बरोबर सांगतं. हा फरक पेपरात आला तर अर्धं काम झालं.

शुभदा
मी राज्यशास्त्रातली नाही, पण रॅशनल म्हणजे समजूतदार ना? आमच्या ऑफिसात कर्मचारी संघटनेची निवडणूक असते. दोन्ही पॅनेल सारखीच निरुपयोगी, कोण आलं तरी फरक पडत नाही. तरी मी दर वेळी जाते, कारण शेजारच्या टेबलावरच्या ताई दिवसभर विचारत बसतात, "दिलंस का गं?" एकदा गेले नव्हते तर आठवडाभर टोमणे ऐकले. हा समजूतदारपणा की मूर्खपणा, तुम्हीच ठरवा.

मीरा_एमए
शुभदाताई, समजूतदारपणाशी याचा संबंध नसतो बहुतेक. पण तुमच्या शेजारच्या ताईंना चिंतामणी सरांच्या सूत्रात बसवायचं कुठे?

तिरकस
`D` मध्ये बसवतील, बघा आता. हाच तर माझा आक्षेप आहे. १९६८ मध्ये रायकर आणि ऑर्डशुक यांनी सूत्र `R = pB - C + D` असं केलं. `R` म्हणजे मत देण्यातून उरणारा निव्वळ फायदा, `D` म्हणजे कर्तव्य बजावल्याचं समाधान वगैरे. `p` इतका बारीक की `pB` उडालंच, उरलं काय? ज्याचा `D` खर्चापेक्षा मोठा, तो मत देतो. म्हणजे ज्याला मत द्यावंसं वाटतं तो मत देतो. ब्रायन बॅरीने १९७० मध्येच यावर बोट ठेवलं होतं. पत्त्यांच्या डावात जोकर हातात ठेवायचा आणि हरायची वेळ आली की टाकायचा. ग्रीन आणि शपिरो यांनी १९९४ मध्ये या सगळ्या परंपरेवर हाच आरोप केला: आधी तथ्य बघायचं, मग त्याला फिट बसेल असं मॉडेल शिवायचं. मीरा, पेपर इथेच संपव.

चिंतामणी
आरोप जड आहे आणि बराचसा खरा आहे. पण रायकर-ऑर्डशुक यांच्यावर थोडा अन्याय होतोय. त्यांनी `D` नुसता घुसडला नाही. १९५२, १९५६ आणि १९६० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांच्या सर्वेक्षणांत नागरिकाच्या कर्तव्याबद्दल प्रश्न होते. त्या उत्तरांवरून त्यांनी लोकांचे गट पाडले आणि मग कोणी मत दिलं ते पाहिलं. म्हणजे `D` मतदानापासून वेगळा मोजायचा प्रयत्न होता. मोजमाप तोकडं होतं हे म्हणता येईल. नंतरच्या लोकांनी तेवढेही कष्ट न घेता `D` वापरला, आणि जोकर झाला तो तिथे.

शुभदाताईंचं उदाहरण इथे फार कामाचं आहे. गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर यांनी ऑगस्ट २००६ च्या मिशिगनमधल्या प्राथमिक निवडणुकीआधी प्रयोग केला. काही घरांना पत्रंच नाहीत, त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झालं. काहींना 'मतदान हे कर्तव्य आहे' एवढंच सांगणारं पत्र गेलं, त्यांच्यात ३१.५ टक्के. आणि काहींना असं पत्र गेलं की त्यात तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मागच्या वेळी मत दिलं की नाही याची यादी, वर 'निवडणुकीनंतर नवी यादी पाठवू' ही सूचना. त्यांच्यात ३७.८ टक्के.

यात `p` आणि `B` ला कोणी हात लावला नाही. मतदान केंद्र तिथेच राहिलं, मोकळा वेळही कोणाला जास्त मिळाला नाही. बदललं ते एवढंच की कोणीतरी बघणार आहे. कर्तव्याची नुसती आठवण दोनेक टक्क्यांची, शेजाऱ्यांची नजर आठ टक्क्यांची. म्हणजे `D` हे एकसंध समाधान नसून त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या बाहेरून हलवता येतात.

गेमवाला
मग मॉडेल वाचलं की! टोमणे हा खर्च, ते टाळणं हा फायदा. शुभदाताई शंभर टक्के रॅशनल.

शुभदा
धन्यवाद, घरी सांगते.

तिरकस
वाचलं नाही, ताणलं. स्वित्झर्लंड घ्या. तिथे एकेका कँटनने, म्हणजे तिथल्या राज्याने, टपाली मतदान आणलं. घरबसल्या मत म्हणजे `C` घटला, मतदान वाढायला हवं होतं. पॅट्रिशिया फुंक यांनी २०१० मध्ये दाखवलं की एकूण परिणाम किरकोळ होता, आणि जिथे लहान गावं जास्त तिथे मतदान चक्क घसरलं. आता तुम्ही म्हणणार, `D` पण घटला. वाढलं तर `C` मुळे, घटलं तर `D` मुळे. मग चुकायचं कधी?

चिंतामणी
प्रश्न रास्त आहे, पण फुंक यांचा युक्तिवाद नीट बघा. टपालाने मत दिलं की केंद्रावर कोणी दिसत नाही, आणि दिसण्याची किंमत लहान गावात जास्त असते, कारण सगळे एकमेकांना ओळखतात. म्हणून घसरण कुठेही नाही, लहान गावांतच जास्त दिसायला हवी. ती मोठ्या शहरांत दिसली असती तर हे स्पष्टीकरण पडलं असतं. पडण्याची जागा आहे, म्हणून तो जोकर नाही.

मीरा, मी असतो तर पेपर याच दोन प्रसंगांवर उभा केला असता. `D` कुठे आधी मोजला किंवा हलवला आणि कुठे मागाहून चिकटवला, एवढाच प्रश्न धरायचा. गृहीतकांची यादी करून प्रत्येकावर एक परिच्छेद लिहू नकोस. तपासणारा झोपतो.

मीरा_एमए
समजतंय थोडं थोडं. म्हणजे बाईंना उत्तर 'स्वार्थाचं गृहीतक' असं द्यायचं. पण सर, एक अडतंय. परोपकार धरून तुम्ही अर्ध्या तासाची भरपाई करून दाखवलीत, आणि मिशिगनमध्ये तर लोक शेजाऱ्यांच्या धाकाने गेले. टोमणे टाळणं हा स्वार्थच झाला ना? मग दोन्ही एकाच पेपरात कसे?

चिंतामणी
चांगली पकड. दोन्ही एकत्र बसत नाहीत असं नाही, पण ते प्रतिस्पर्धी आहेत. परोपकारवाल्याला कोणी बघो न बघो, तो जाईल. धाकवाला कोणी बघत असेल तरच जाईल. मिशिगनमध्ये पत्र न मिळालेले २९.७ टक्के लोक तरी का गेले, हे त्या प्रयोगातून कळत नाही.

तिरकस
आणि ते कळेपर्यंत त्यांना 'रॅशनल' म्हणण्यात नक्की काय मिळवलं, हेही पेपरात विचार. उत्तर द्यायची जबाबदारी गेमवाल्याची.

गेमवाला
देतो, पण आज नाही. माझीही सबमिशन उद्याच आहे.