मदत हवी आहे: रुग्णालयाच्या पोर्टलमधली त्रुटी नक्की कोणाला कळवू?

नमस्कार मंडळी. एका रुग्णालयाच्या पोर्टलवर माझा तपासणी अहवाल उघडला, तेव्हा पत्त्यात हे दिसलं:

```
/report?id=48213
```

मित्राला विचारून, माझ्या लॉगिनमधूनच त्याच्या अहवालाचा क्रमांक टाकून पाहिला. उघडला! म्हणजे लॉगिन तपासलं जातं, पण हा अहवाल याच माणसाचा आहे का, हे सर्व्हर बघतच नाही. तिथेच थांबलो. पुढचे आकडे चालवले असते तर पुरावा भक्कम झाला असता, पण ती परक्या रुग्णांची माहिती आहे.

साइटवर सुरक्षेच्या त्रुटी कोणाला कळवायच्या ते सांगणारी security.txt फाईल नाही. तपशील न देता ईमेलवर विचारलं, "सुरक्षेबद्दल कोणाशी बोलू?" उत्तर आलं, तक्रार अर्ज भरा. तो अर्ज कोण कोण वाचतं देव जाणे. त्यात हे लिहिणार नाही.

पोर्टलच्या तळाशी सॉफ्टवेअर कंपनीचं नाव आहे, म्हणजे हीच सिस्टीम इतर रुग्णालयांतही असू शकते. मग थेट कंपनीला कळवू, की सर्टसारख्या समन्वयक संस्थेमार्फत जाऊ? सर्ट/सीसी कळवल्यापासून साधारण ४५ दिवसांनी माहिती जाहीर करतं. पण कंपनीने पॅच काढला तरी तो प्रत्येक रुग्णालयात बसेपर्यंत अहवाल उघडेच राहणार. अशा वेळी मुदत वाढवून घेतलीय का कोणी? कारण काय दिलं?

आणि पुराव्यासाठी मित्राचं नाव झाकलेला स्क्रीनशॉट जोडू, की दोन्ही खात्यांचे क्रमांक आणि सर्व्हरचा प्रतिसाद कोड एवढं पुरतं?