‘नवस मागितला’ बरोबर की चूक? बोलणे, पावणे, फेडणे

मुद्रितशोधक

काल एका जत्रेच्या बातमीचं मुद्रितशोधन करताना अडले. वाक्य असं होतं: ‘मुलगा व्हावा म्हणून मागितलेला नवस पूर्ण झाल्याने दांपत्याने देवीला साडी वाहून नवस पूर्ण केला.’ एकाच वाक्यात नवस दोनदा पूर्ण झालाय, आणि दोन्ही वेळा पूर्ण करणारा वेगळा आहे. पहिल्यांदा देवी, दुसऱ्यांदा दांपत्य. शिवाय ‘नवस मागितला’ माझ्या कानाला खटकतं. आमच्या घरी नवस बोलतात. मी ‘बोललेला’ आणि ‘फेडला’ असं केलं, तर बातमीदार म्हणाला, दोन्हीचा अर्थ एकच. मला तसं वाटत नाही, पण का वाटत नाही ते नीट सांगता येईना. इथले जाणकार सांगतील का?

शेवंती

माझा प्रश्न याला जोडूनच आहे. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याच्या आजारपणात देवीला चांदीचे डोळे बोलले होते. डोळे वाचले. त्यानंतर दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. तो नवस राहिलाय हे आम्हाला परवा मावससासूकडून कळलं. आता तो कुणी फेडायचा? आणि दोन्ही डोळे द्यायचे की एक? आजार एकाच डोळ्याला होता.

मुद्रितशोधक

शेवंतीताई, माझा प्रश्न शब्दांचा होता. पण तुमचं लिहिणं वाचून वाटलं की उत्तर तिथेच आहे. तुम्ही सहज ‘डोळे बोलले होते’ लिहिलंत. मागितले होते, असं नाही लिहिलंत.

पोथीवाला

‘मागितला’ हे हिंदीतून आलंय. तिकडे मन्नत मागतात, ते तसंच उचललं. मराठीत नवस बोलतात, कारण तो माणसाने दिलेला शब्द असतो. मागणं त्याच्या आत असतं, पण मागणं म्हणजे नवस नव्हे. ‘देवी, माझं पोर बरं कर’ ही प्रार्थना झाली. ‘बरं केलंस तर तुझी खणानारळाने ओटी भरीन’ हे पुढचं वाक्य आलं की नवस होतो.

व्रत आणि नवस यांतला फरकही हाच. व्रतात आधी करायचं, मग फळ. नवसात आधी फळ, मग करायचं.

जुना वाचक

पोथीवाल्यांचं पहिलं म्हणणं पटलं, दुसरं अर्धं पटलं. व्रत-नवस अशी सरळ रेघ ओढता येत नाही. आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलेली सत्यनारायणाची कथा घ्या. साधुवाणी म्हणतो, मूल झालं तर हे व्रत करीन. नाव व्रताचं, पण बोलणं नवसाचं. मुलगी होते, कलावती. बायको आठवण करते, तर तो म्हणतो, हिच्या लग्नात करू. लग्न होतं, तरी करत नाही. मग तो जावयासह परमुलखात चोरीच्या आळाने कैदेत पडतो आणि घरी चोर शिरून सगळं धुऊन नेतात. देव रागावला तो व्रत केलं नाही म्हणून नव्हे. व्रत न करणारे गावात इतरही होतेच. रागावला तो शब्द देऊन, माल घेऊन तारीख पुढे ढकलली म्हणून.

ही ढकलाढकल फार जुनी आहे. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्र वरुणाला सांगतो, मुलगा दे, तोच तुला बळी देईन. रोहित जन्मतो. वरुण मागायला येतो. राजा म्हणतो, दहा दिवस होऊ देत. मग दात येऊ देत. मग दुधाचे दात पडू देत. मग नवे येऊ देत. मग शस्त्र धरू दे. वरुण दर वेळी ‘बरं’ म्हणतो. शेवटी मुलगाच रानात निघून जातो आणि बापाला जलोदर होतो. मला यात वरुणाचं ते पुन्हापुन्हा ‘बरं’ म्हणणं महत्त्वाचं वाटतं. नवसात मुदत असते आणि ती वाढवूनही मिळते. पण कर्ज बुडत नाही.

म्हणून तीन क्रियापदं तीन टप्प्यांची आहेत. नवस बोलतो माणूस. नवसाला पावतो देव. नवस फेडतो माणूस. ‘फेडणे’ आपण कर्जालाच लावतो. देव पावला नाही तर फेडायला काही उरतच नाही. न पावलेल्या देवाला साडी नेऊन दिली तर ती भक्ती होईल, नवस फेडणं होणार नाही. नवसाला लाच म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो: काम होण्याआधी देव काय घेतो? बहुतेक वेळा काहीच नाही. तो उधारीवर काम करतो.

बातमीतल्या वाक्याचं म्हणाल, तर ‘बोललेल्या नवसाला देवी पावल्याने दांपत्याने साडी वाहून नवस फेडला’. आता कोणी काय केलं ते स्वच्छ दिसतं.

गाठोडं

‘फेडणे’ म्हणजे कर्जच, हे मला मान्य नाही. आमची आजी लुगडं ‘फेडून’ ठेवायची. उपासाचं पारणं फेडतात, डोळ्यांचं पारणं फिटतं, जुन्या मराठीत शंकाही फेडत. या सगळ्यांत कर्ज कुठे आहे? बांधलेलं सोडवणं, असलेलं दूर करणं हा मूळ अर्थ दिसतो. नवस म्हणजे गाठ. दर्ग्यात जाळीला दोरा बांधतात, देवळाच्या झाडाला पाळणा बांधतात आणि काम झालं की सोडतात. माणूस बोलून स्वतःला बांधून घेतो आणि फेडून मोकळा होतो.

जुना वाचक

हे छान सांगितलंत, आणि मला खोडता येत नाही. ‘मोकळा झालो’ हे तर नवस फेडून आलेला माणूस हमखास म्हणतो. पण कर्ज फेडलेलाही तेच म्हणतो. दोन अर्थ एकमेकांत मुरलेत असं मी म्हणेन.

कुडाळकर

आमच्याकडे सिंधुदुर्गात नवसाच्या आधी आणि नंतर गाऱ्हाणं असतं. गावकर नारळ ठेवून उभा राहतो: ‘बा देवा म्हाराजा, लेकराक बरा कर, तुझो नारळ वाढवून दितलो, चूकभूल झाली आसात ती पोटात घाल’, आणि बाकीचे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. हे ‘व्हय म्हाराजा’ म्हणजे साक्ष. नवस मनातल्या मनात पुटपुटला तर तो देव आणि तुम्ही यांच्यातच राहतो. गाऱ्हाण्यात बोलला की गाव ऐकतं, आणि पुढल्या वर्षी गावच विचारतं, तुझो नवस रवलो मरे?

आणि देव गप्प बसत नाही. तो कौल देतो. पाषाणाला पाकळ्या किंवा तांदूळ लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. नवस कसला करावा, तो पुरला का, बदलून चालेल का, हे सगळं कौलाने विचारतात. गोव्यात यालाच प्रसाद घेणं म्हणतात, आणि नवसाला तिकडे आंगवण म्हणतात.

जुना वाचक

कुडाळकर, तुम्ही ‘कौल’ काढलात म्हणून सांगतो. हा अरबी शब्द, अर्थ बोलणं, शब्द, वचन. शिवकाळापासूनच्या कागदांत कौलनामा सापडतो: ओस गावात येऊन वसा, पहिली काही वर्षं सारा कमी घेऊ, असं सरकारने रयतेला दिलेलं लेखी वचन. म्हणजे माणूस बोलतो तो ‘बोल’ आणि देव देतो तो ‘कौल’, दोन्हींचा अर्थ एकच. देवाला महाराज म्हणायचं, त्याच्याकडे गाऱ्हाणं न्यायचं, त्याने कौल द्यायचा, वर्षाला त्याचा मान पोचवायचा. ही सगळी रयत आणि राजा यांच्यातली भाषा आहे. तिथे रयतेकडूनच देणं असतं असं नाही, राजालाही शब्द पाळावा लागतो.

वाईचा

कौलाचं माझ्या भागातलं उदाहरण. वाईजवळ बावधनला भैरवनाथाचं बगाड असतं. बाहेरच्यांना वाटतं, ज्याने नवस बोलला तो बगाडावर चढतो. तसं नाही. नवस बोललेले पुष्कळ असतात आणि बगाडावर मान एकाचाच. म्हणून होळीच्या पौर्णिमेला देवळात एकेकाच्या नावाने कौल लावतात. ज्याला उजवा कौल मिळेल तो त्या वर्षीचा बगाड्या. रंगपंचमीला त्याला कृष्णाकाठी सोनेश्वराला नेतात, आंघोळ घालतात, उंच शिडाला बांधतात, आणि शेतांतून बैलांच्या जोड्या बदलत बदलत बगाड बावधनला येतं. पूर्वी पाठीत गळ टोचत. आता बांधून घेतात.

म्हणजे आमच्यात फेडायलाही देवाची परवानगी लागते. सावकार म्हणतो, तुझं या वर्षी घेत नाही, याचं घेतो. ज्याला कौल मिळाला नाही तो पुढच्या वर्षी परत बसतो. नाराज होतो, पण देव चिडलाय असं कुणी म्हणत नाही. याला नुसतं कर्ज म्हणणं मला कमी वाटतं. कुठला कर्जदार फेडायला मिळावं म्हणून रांगेत बसतो?

मुद्रितशोधक

‘मान मिळाला’ म्हणतात ना तिथे? म्हणजे फेडणं हाच सन्मान.

वाईचा

हो, मानच.

तिसरी पिढी

एक बाजू राहतेय. बोलणारा एक आणि फेडणारं दुसरंच, असे नवस झालेत. ‘पहिलं मूल तुला वाहीन’ असं खंडोबाला बोलायचे आणि ते पोर वाघ्या किंवा मुरळी व्हायचं. यल्लम्माला मुली सोडायचे. शब्द आईबापांचा, आयुष्य मुलीचं. महाराष्ट्रात 2005 साली देवदासी प्रथेविरुद्ध नवा कायदा झाला, त्याआधी मुंबई प्रांतात 1934 चा होता. माझ्या घरात ही गोष्ट घडलेली आहे, म्हणून ‘देव उधारीवर काम करतो’ हे वाचताना मला त्रास झाला. उधारी कुणाच्या नावावर लिहिली, तेही विचारा.

जुना वाचक

तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. माझ्या मांडणीत हे नव्हतं आणि असायला हवं होतं. भाषेतही त्याची खूण आहे: त्या मुलींच्या बाबतीत ‘वाहिली’, ‘सोडली’ म्हणतात. साडीलाही ‘वाहिली’ आणि मुलीलाही ‘वाहिली’. आणि हरिश्चंद्राच्या कथेत रानात निघून गेलेल्या रोहिताकडे मी वर फक्त राजाची अडचण म्हणून पाहिलं. शब्द त्याने दिलेला नव्हता.

पोथीवाला

मूळ शब्दाचं काय? नवस म्हणजे ‘नव’, नवी गोष्ट मागणं, असं शाळेत ऐकलं होतं.

जुना वाचक

ते ओढून ताणून वाटतं. ‘नमस्’वरून आला असं म्हणणं ध्वनीच्या दृष्टीने बसतं: ग्रामचं गाव, नामचं नाव, तसं ‘म’चं ‘व’. पण अर्थाने नमस्कारापासून करारापर्यंतचा प्रवास दाखवावा लागेल. मी पैज लावणार नाही.

शेवंती

माझं उत्तर राहिलं.

कुडाळकर

शेवंतीताई, आमच्यात घरातल्या कुणीही फेडला तरी चालतो, मुलगा असेल तर बरं. बोलणाऱ्याचं नाव मात्र घ्यायचं: अमकीने बोललेला नवस आम्ही फेडतोय, उशीर पोटात घाल. आणि बोलताना ‘डोळे’ म्हणाल्या असतील तर दोन द्या. आजार किती डोळ्यांना होता ते देव विचारत नाही, शब्द काय होता ते विचारतो.

शेवंती

मावससासूंना फोन केला होता. म्हणाल्या, ‘डोळे वाहीन’ असंच बोलल्या होत्या, आणि हेही म्हणाल्या होत्या की सुनेला घेऊन येईन. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जोडी करायला टाकली आहे. चैत्रात जाऊ, तेव्हा त्यांचं नाव मीच घेईन.