चार्ज देताना पलंग आणि चाब्यांची यादी

«रजिस्टरवरून यादी उतरवून सही केली तर चालेल का? नव्या वॉर्डन सोमवारी येताहेत.»

नको, ताई. इथे इंदूरमध्ये वसतिगृहाचा चार्ज देताना मी आधी तेच करणार होतो. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये ९६ पलंग होते. खोल्याखोल्यांतून फिरलो तेव्हा ९० भरले. चार मोडके स्टोअरमध्ये, एक चौकीदाराच्या खोलीत आणि एक सापडलाच नाही. चार्ज देण्याच्या पत्रात मी हे असंच, जागेसकट लिहिलं. मोडके पलंग रजिस्टरमधून बाद करण्याचा आदेश नसेल, तर ते आकड्यात राहतात. शेरा फक्त «मोडके» असा. न सापडलेला पलंग «कमी» म्हणूनच दाखवा. तो लपवला तर पुढच्या पडताळणीत नव्या बाईंच्या नावावर निघेल, आणि ते मला अन्यायाचं वाटतं.

चाब्या मात्र मोजू नका, लावून बघा. ४५ खोल्यांच्या दोन-दोन म्हणजे ९० हव्या होत्या, जुडग्यात ८३ होत्या. त्यातल्या तीन कुठल्याच कुलपाला लागेनात, कारण मुलांनी कुलपं बदललेली. म्हणजे चालणाऱ्या ८०च. प्रत्येक चाबीला खोलीच्या नंबरचा बिल्ला बांधा आणि पत्रात खोलीवार «मूळ» व «जोड» असे दोन रकाने ठेवा. गच्ची, मीटरची खोली, स्टोअर यांच्या चाब्या वेगळ्या लिहा; त्याच हमखास राहतात.

हे सगळं तुम्ही आणि नव्या बाई दोघींनी मिळून, शक्यतो त्यांना रविवारीच बोलावून, फिरून करा. सही प्रत्येक पानावर दोघींची, आणि एक प्रत तुमच्याजवळ.